फोन दिसत का नाही? एका केबलची कथा

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात एका माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक दोन विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. शाळेच्या आवारात त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. 1 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी त्याच्या मोजपात्राचा एक फोटो मुलांनी शाळेच्या फोनवर काढला होता. म्हणजे 122 दिवसांचे 122 फोटो. दुसरी कुठलीच नोंद नव्हती. फोनची बॅटरी फुगू लागली होती, त्यामुळे फोटो लवकर संगणकावर घेणे भाग होते. आणि संगणकाला फोन जोडला, की तो दिसतच नव्हता.

"मॅडम, केबल चांगली आहे. फोन चार्ज होतोय की!" त्यातला एक विद्यार्थी म्हणाला.

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. फोन चार्ज होणे आणि फोन संगणकाला दिसणे या एकाच तारेच्या दोन टोकांवरच्या गोष्टी असल्या, तरी त्या वेगवेगळ्या आहेत. त्या वेगळ्या कशा झाल्या, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल.

यूएसबी ही जोडणी 1996 साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या अभियंत्यांमध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. त्याआधी छपाईयंत्राची तार वेगळी, माऊसची वेगळी, आणि नवे उपकरण जोडले की संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, असा मामला होता. यूएसबीच्या मूळ केबलमध्ये चार तारा आहेत. कडेच्या दोन विजेच्या, म्हणजे एक 5 व्होल्टची आणि एक शून्याची. मधल्या दोन माहितीच्या, त्यांना डी-प्लस आणि डी-मायनस म्हणतात.

आता काहीतरी जोडले गेले आहे, हे संगणकाला कळते कसे? युक्ती अगदी साधी आहे आणि दहावीच्या विद्यार्थ्याला ओहमच्या नियमाने समजेल अशी आहे. संगणकाच्या बाजूला डी-प्लस तार 15 किलोओहमच्या रोधातून शून्याला जोडलेली असते. काहीच जोडलेले नसले तर तिच्यावर शून्य व्होल्ट. फोनच्या आत तीच तार 1.5 किलोओहमच्या रोधातून 3.3 व्होल्टला जोडतात. केबल लावली, की हे दोन रोध एकसरीत येतात आणि डी-प्लसवरचा दाब 3.3 × 15 ÷ 16.5, म्हणजे 3 व्होल्ट होतो. तार वर गेली, म्हणजे कोणीतरी आले, असे संगणक समजतो. मग तो "तू कोण?" असे विचारतो, आणि उत्तरादाखल फोन आपली ओळख, म्हणजे निर्माता कोण, प्रकार कोणता हे सांगणारे काही बाइट पाठवतो. ही सारी बोलणी मधल्या दोन तारांवरून होतात. चार्जिंगला मात्र कडेच्या दोन पुरतात.

सुरुवातीला हा फरक कोणाला जाणवला नाही, कारण फोनचा चार्जर वेगळा आणि संगणकाची केबल वेगळी असे. मग 2009 साली युरोपातल्या मोठ्या फोन कंपन्यांनी चार्जरसाठी एकच, मायक्रो-यूएसबी, खाच वापरायचे मान्य केले. चार्जरांचा ढीग कमी व्हावा हा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण त्यामुळे चार्जरची केबल आणि माहितीची केबल दिसायला एकसारख्या झाल्या. बॅटरी बँक, पंखा, दिवा यांच्याबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलींत पुष्कळदा मधल्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून ओळखू येत नाही. खाचेतल्या चारही पट्ट्या जागेवर असतात, तार मात्र दोघींनाच जोडलेली.

शिक्षकांनी आणलेली केबल बॅटरी बँकेची होती. संगणकावर लिनक्स असेल, तर याची खात्री चटकन होते. फोन जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर ही आज्ञा द्यावी:

```
lsusb
```

दुसऱ्या वेळी यादीत एक ओळ वाढली, तर बोलणी सुरू झाली. वाढली नाही, तर संगणकाच्या लेखी काहीच जोडलेले नाही, मग फोनच्या पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह कितीही लुकलुको. आमच्या संगणकावर विंडोज होते. तिथे नवे उपकरण आले की टुणकन आवाज होतो. तो झाला नव्हता. मी ज्या केबलने आदल्याच दिवशी माहिती उतरवली होती ती लावली, आणि आवाज झाला.

मुलांनी आनंदाने This PC उघडले. फोनचे नाव दिसत होते. त्यावर टिचकी मारली, तर आत काहीच नाही! पांढरा कोरा चौकोन. "फोटो उडाले का?" मुलीचा चेहरा उतरला.

फोटो उडाले नव्हते. इथे आपल्या कथेचा दुसरा भाग येतो.

2008 साली पहिला अँड्रॉइड फोन आला, तेव्हा तो संगणकाला पेनड्राइव्हसारखाच दिसे. ती रीत समजायला शाळेच्या ग्रंथालयाची कल्पना करू. पेनड्राइव्ह म्हणजे किल्लीच हातात देणे. संगणक स्वतः आत जातो, कपाटे उघडतो, पुस्तके हलवतो, आणि कोणते पुस्तक कुठल्या कप्प्यात आहे याची नोंदवहीही स्वतःच लिहितो. पेनड्राइव्हला स्वतःची बुद्धी नसते, म्हणून हे खपते. फोन मात्र स्वतः एक संगणक आहे. दोघांनी एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहिले, तर काय होईल? दोघेही वेगासाठी वहीची एक प्रत आपल्या स्मृतीत ठेवतात. फोनने 40 क्रमांकाचा कप्पा रिकामा पाहून तिथे फोटो ठेवला. संगणकाच्या प्रतीत तो अजून रिकामाच, त्याने तिथे गाणे ठेवले. मग दोघांनीही आपापली वही खरी म्हणून परत लिहिली. फोटो गेला, आणि कदाचित सारी नोंदवहीच बिघडली.

म्हणून त्या काळात केबल लावून परवानगी दिली, की फोन आपले कार्ड पूर्णपणे सोडून देई. गाणी बंद, कॅमेरा फोटो साठवायला नकार देई, आणि कार्डावर ठेवलेली अॅप नाहीशी होत. शिवाय ते कार्ड विंडोजला वाचता येईल अशा जुन्या पद्धतीनेच मांडावे लागे, आणि फोनच्या स्मृतीचे अॅपसाठी एक व फाइलींसाठी दुसरी असे दोन पक्के वाटे करावे लागत. एक वाटा भरला, की दुसऱ्यात जागा असूनही "जागा नाही" असा संदेश.

2011 साली अँड्रॉइडने ही रीत सोडायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या 3.0 आवृत्तीपासून एमटीपी नावाची पद्धत आली. तिचा पूर्वज कॅमेऱ्यांचा पीटीपी हा करार होता. मायक्रोसॉफ्टने 2004 च्या सुमारास तो वाढवून गाण्यांच्या यंत्रांसाठी एमटीपी बनवली, आणि 2008 मध्ये यूएसबीच्या मानकांत तिचा समावेश झाला. आपल्या ग्रंथालयाच्या भाषेत, आता किल्ली ग्रंथपालाकडेच राहते. संगणक खिडकीपाशी उभा राहून चिठ्ठी देतो, "17 क्रमांकाची फाइल द्या", आणि ग्रंथपाल म्हणजे फोन ती आणून देतो. नोंदवही एकाच्याच हातात, त्यामुळे बिघडायची भीती नाही.

याची किंमतही आहे. ग्रंथपाल एका वेळी एकच चिठ्ठी घेतो, म्हणून हजारो फोटोंची यादी उघडायला कंटाळा येईल इतका वेळ लागतो. तेव्हा केबल काढायची घाई करू नये. शिवाय संगणकाला चिठ्ठीची ही भाषा यावी लागते. मॅकला ती मुळातून येत नाही, आणि विंडोजच्या N नावाच्या युरोपीय आवृत्तीत ती वेगळी घालावी लागते. अशा संगणकावर केबल उत्तम असूनही फोन दिसत नाही. माझ्या मते तरीही हा बदल योग्यच होता.

पण खिडकी बंद का होती? 2013 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी एक चार्जर दाखवला. दिसायला साधा, पण आत छोटा संगणक. त्याला लावलेल्या आयफोनमध्ये तो मालकाच्या नकळत अॅप घुसवू शकत होता. त्याच वर्षी आयफोन "या संगणकावर विश्वास ठेवायचा का?" असे विचारू लागला. अँड्रॉइडने 2015 च्या 6.0 आवृत्तीपासून केबल लावली की फक्त चार्जिंग, हाच नियम केला. म्हणजे बसस्थानकावरच्या अनोळखी खाचेत फोन लावला, तरी खिडकी बंदच. उघडायची ती मालकाने, आपल्या हाताने. बहुतेक फोन अशा वेळी संगणकाला नाव सांगतात, पण साठा दाखवत नाहीत. कोरा चौकोन तो हाच.

शिक्षकांनी फोनचे कुलूप उघडले. वरून सूचनांचा पडदा खाली ओढला. त्यात Charging this device via USB अशी ओळ होती. तिच्यावर बोट ठेवल्यावर पर्याय आले, आणि No data transfer वरची खूण काढून त्यांनी ती File transfer वर केली. क्षणभराने संगणकावरचा चौकोन भरला. Internal storage, त्यात DCIM, त्यात Camera. मुलांनी पर्जन्यमापकाचे फोटो निवडून संगणकावर उतरवले. हलवले नाहीत, प्रत केली. मधेच तार निसटली तर मूळ तरी शाबूत राहावे.

मग मोजले. 78 निघाले.

मुलगी बोटांवर मोजू लागली. जूनचे 30, जुलैचे 31, म्हणजे 61. उरलेले 17. "सर, 17 ऑगस्टपर्यंतचेच आहेत. पुढचे कुठे गेले?"

शिक्षक जरा विचारात पडले आणि मग त्यांना आठवले. त्या सुमारास फोन भरला म्हणून त्यांनी त्यात कार्ड घातले होते, आणि कॅमेऱ्याला फोटो कार्डावर ठेवायला सांगितले होते. ग्रंथपालाकडे आता दोन खोल्या होत्या, आणि आम्ही एकाच खोलीची यादी पाहिली होती. एक पायरी मागे गेल्यावर Internal storage च्या शेजारी SD card हे दुसरे चित्र होतेच. त्यातल्या Camera मध्ये 44 फोटो होते.

78 आणि 44, एकशे बावीस. विद्यार्थ्याने पहिला आणि शेवटचा फोटो संगणकावर उघडून पाहिला, मोजपात्रावरच्या रेघा वाचता येतात ना याची खात्री केली, आणि मगच फोन बंद केला. जाण्यापूर्वी शिक्षकांनी माझ्याकडून चिकटपट्टी मागून घेतली, बॅटरी बँकेच्या केबलला गुंडाळली, आणि तिच्यावर पेनाने लिहिले : फक्त वीज.