पावसाळ्यातले अळ्यांचे गणित : कचऱ्याचा डबा, सुके गोश्त आणि सुकी मासळी

बकरी ईद आता काही वर्षे पावसाच्या तोंडावर येते आहे. 2023 साली 29 जून, 2024 साली 17 जून आणि 2025 साली 7 जून. कापूरहोळ, भोर या आपल्या भागात तेव्हा हवा दमट असते, ऊन अर्धा दिवस टिकत नाही आणि घरोघरी गोश्त असते. त्यातच मे महिन्यात घाटाखालून आणलेले बोंबील, सुकट, सोडे डब्यात भरून ठेवलेले असतात. मग दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, कचऱ्याच्या डब्यात अळ्या झाल्या. दुसरी, सुकवायला टाकलेल्या गोश्तावर माश्या बसल्या, आता ते खायचे की टाकायचे?

अळ्या "आपोआप" होत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडी यांनी 1668 साली हे दाखवून दिले. काही बरण्यांत मांस ठेवून त्या उघड्या ठेवल्या, काहींवर बारीक कापड बांधले. उघड्या बरणीत अळ्या झाल्या, कापड बांधलेल्या बरणीतल्या मांसात झाल्या नाहीत. मांस मात्र दोन्हीकडे सडले. म्हणजे सडणे वेगळे आणि अळ्या वेगळ्या. अळी दिसली याचा अर्थ एवढाच, की माशी तिथे पोचली आणि तिला ओली जागा मिळाली.

ही माशी बहुतेक वेळा आपली नेहमीची करडी घरमाशी नसते. अंगावर हिरवी-निळी धातूसारखी चमक, डोळे मोठे लालसर आणि आवाज मोठा, अशी ती असते. एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी घालते. अंडी पांढरी, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, आणि एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने असतात. ती उघड्यावर फारशी घालत नाही. गोश्ताच्या घडीत, हाडाच्या कडेला, माशाच्या कल्ल्यात, डब्याच्या झाकणाच्या कडेखाली अशी सांदीत घालते.

एका ईदचा हिशोब

2025 ची ईद शनिवारी होती. समजा, दुपारी साफसफाई करताना चरबीचे, आतड्याचे तुकडे स्वयंपाकघराच्या डब्यात गेले आणि झाकण नीट बसले नाही. संध्याकाळपर्यंत माशी अंडी घालून मोकळी होते. रविवारी दुपारपर्यंत अंडी फुटतात, पण अळी इतकी बारीक असते की कोणाला दिसत नाही. सोमवार-मंगळवारी वास सुटतो. बुधवार-गुरुवारी अळ्या बोटाच्या पेराएवढ्या होतात आणि डब्याबाहेर निघतात. घाबरून आपण तेव्हा डबा धुतो.

खरी गोची इथेच आहे. पोट भरलेल्या अळीला आता खाणे नको असते, तिला कोरडी आणि अंधारी जागा हवी असते. म्हणून ती रात्री भिंतीच्या कडेने, ओट्याखाली, अंगणातल्या मातीत शिरते आणि तिचा तपकिरी कोष होतो. त्यातून चारपाच दिवसांत नवी माशी बाहेर पडते. म्हणजे पुढच्या आठवड्याच्या मध्यावर घरात अचानक माश्या वाढतात आणि आपण शेजाऱ्यांच्या गटाराला दोष देतो. हवा थंड असेल तर दोनचार दिवस जास्त लागतात, एवढाच फरक.

यावरून उपाय सरळ निघतो: ओला कचरा चोवीस तासांपेक्षा जास्त घरात राहता कामा नये. घंटागाडी रोज येत नसेल तर गोश्ताचे तुकडे वेगळ्या पिशवीत घट्ट गाठ मारून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवावेत आणि गाडी येईल त्या दिवशी बाहेर काढावेत. घरच्यांना हे किळसवाणे वाटेल, पण सर्वांत खात्रीचे हेच आहे. पुरायचे असेल तर हातभर तरी खोल खड्डा घ्या, माती पायाने चांगली दाबा. सैल मातीतून नवी माशी सहज वर येते आणि कुत्रीही ती उकरतात.

डब्यात अळ्या झाल्याच असतील तर आधी डबा बाहेर न्या. पिशवीला गाठ मारा, वरून दुसरी पिशवी चढवा. डब्यात उकळते पाणी ओता, कडा आणि झाकणाची खाच पाण्याखाली येईल असे, आणि दहा मिनिटे राहू द्या. प्लास्टिक पातळ असेल तर पाणी थोडे निवू द्या, पण मग साबणाचे पाणी जास्त वेळ ठेवावे लागते. त्यानंतर जुन्या ब्रशने कडा घासा, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात. शेवटी बादलीभर पाण्यात दोन चमचे ब्लीचिंग पावडर घालून धुवा. ब्लीचिंगबरोबर संडास धुण्याचे अॅसिड कधीही वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो. मग डबा उलटा ठेवून पूर्ण वाळवा आणि तळाशी कागद किंवा चुलीची राख टाका. डबा होता तिथली भिंतीची कड झाडून कोष गोळा करायला विसरू नका.

सुकवणे : पहिला दिवस महत्त्वाचा

गोश्त किंवा मासळी वरून ओली असते तोवरच माशीला त्यात रस असतो. वरचा थर कोरडा, कडक झाला की ती बसते, पण अंडी सहसा घालत नाही. म्हणून सगळे लक्ष पहिल्या आठदहा तासांवर द्यावे. पट्ट्या बोटापेक्षा जाड नकोत, घड्या नकोत. किलोला मूठभर मीठ आणि हळद चोळून रात्रभर झाकून ठेवा, सुटलेले पाणी सकाळी फेकून द्या. पहिले काही तास घरात पंख्याखाली वाळवले तर उत्तम. बाहेर टाकताना मलमलीचे कापड किंवा मच्छरदाणी वापरा, पण ती गोश्ताला टेकू देऊ नका. टेकली की माशी जाळीवरूनच अंडी घालते.

मेच्या उन्हात हे सगळे जमते, जूनमध्ये जमत नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना, तेच. अशा हवेत खारवलेले गोश्तही ओलेच राहते. तेव्हा पावसात सुकवण्याचा हट्ट नको. गोश्त फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर मिठात शिजवून, पाणी आटवून लवकर संपवा.

बोंबील बहुधा बिनमिठाचे, बांबूवर वाळवलेले असतात. डब्यात ते ओल धरतात. महिन्यातून एकदा उघडून बघा. नुसती माशी बसली असेल तर गरम पाण्याने धुऊन, कडक भाजून किंवा शिजवून खाता येते. अंड्यांचा गठ्ठा दिसला तर तो तुकडाच काढून टाका. आत पांढऱ्या अळ्या, चिकटपणा किंवा आंबट वास असेल तर सगळे फेका, धुऊन उपयोग नाही. आणि पांढऱ्या गुळगुळीत अळीऐवजी तपकिरी, केसाळ अळी व भुगा दिसला तर तो माशीचा नाही, सुक्या मासळीतल्या भुंग्याचा उद्योग आहे. सुरुवात असेल तर मासळी निवडून, झटकून, कडक उन्हात पत्र्यावर टाका किंवा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

झुरळ-माशी मारायचा स्प्रे सुक्या मासळीवर किंवा गोश्तावर अजिबात मारू नका. ते औषध माशाच्या तेलात मुरते आणि धुतल्याने जात नाही. बाजारात एखाद्या ढिगावर पावसाळ्यातही एकसुद्धा माशी बसत नसेल, तर तो ढीग घेण्याआधी वास घेऊन बघा.