व्याख्यान-प्रस्तावांचे परीक्षण : वेळापत्रक

परिषदेसाठी आलेल्या प्रस्तावांतून व्याख्याने निवडून वक्त्यांना ठरल्या तारखेपर्यंत कळवण्याचे नियोजन. ही कालरेषा परिषदेच्या दिवसापासून मागे मोजत आखतात.

ब्रुसेल्समधील मुक्त सॉफ्टवेअरच्या ‘फॉसडेम’ परिषदेत प्रत्येक विषयकक्षाचे स्वयंसेवक आपापले प्रस्ताव निवडतात. परिषद साधारणतः फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरते आणि निकाल सहसा डिसेंबरच्या मध्यापर्यंत कळवले जातात. भारतीय वक्त्याला शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा निर्णय अर्जानंतर साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. म्हणून निकाल आठवडाभर लांबला तरी वक्त्याचे येणे हुकू शकते.

परीक्षणाचा कालावधी श्रमाच्या हिशेबाने ठरतो. समजा, १२० प्रस्ताव आहेत आणि प्रत्येक तिघांनी वाचायचा आहे, तर ३६० वाचने होतात. १२ परीक्षकांत प्रत्येकी ३० येतात. एकास १५ मिनिटे धरल्यास साडेसात तास. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्यांना दोन आठवडे देतात. मध्यावर ज्याचे निम्मे वाचन झालेले नसते, त्याचे प्रस्ताव इतरांत वाटतात.

निवड कळवताना होकारासाठी साधारण आठवड्याची मुदत देतात. नकार आल्यास प्रतीक्षायादीतील वक्त्याला बोलावतात. म्हणून त्या यादीतील व्यक्तींना अंतिम उत्तर होकार जमल्यावरच जाते.

मुदतीसोबत कालक्षेत्र नोंदवणे आवश्यक असते. ‘पृथ्वीवर कुठेही’ या पद्धतीने ३१ ऑक्टोबरची रात्री ११:५९ची मुदत भारतात १ नोव्हेंबरला सायंकाळी ५:२९ला संपते.