जुना सामना किती लक्षात ठेवायचा?

१९८२ साली एम. जे. माहेर यांनी प्रत्येक फुटबॉल संघाला दोन आकडे दिले, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा. मात्र हे आकडे त्यांनी स्थिर मानले होते. संघ तर बदलत राहतो. मग जुन्या सामन्याची साक्ष किती मानायची?

१९९७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी प्रत्येक सामन्याला e^(−ξt) इतके वजन दिले. t म्हणजे सामन्याला उलटलेला काळ, अर्ध्या आठवड्यांत मोजलेला. ξ म्हणजे विसरण्याचा वेग, तो त्यांनी ०.००६५ धरला. वर्षात असे १०४ अर्धे आठवडे येतात. म्हणजे वर्षापूर्वीच्या सामन्याचे वजन उरते साधारण ०.५१, दोन वर्षांपूर्वीच्याचे ०.२६.

खरी मेख ξ ठरवण्यात आहे. नेहमीच्या पद्धतीने संभाव्यता कमाल करायला गेलो, तर फसतो. प्रत्येक सामन्याची लॉग-संभाव्यता ऋण असते. वजने घटवली की बेरीज शून्याकडे सरकते आणि सगळे विसरणेच उत्तम ठरते! म्हणून दोघांनी कसोटी पुढच्या सामन्यांवर लावली: त्या दिवसापर्यंतच्या माहितीवरून जय, बरोबरी, हार यांचे भाकीत कोणत्या ξ ने सर्वांत चांगले जमते?

एक सावधगिरी. हाच ०.००६५ दिवसांना लावला, तर वजन वर्षाऐवजी १०७ दिवसांतच निम्मे होते. अशा वेळी दोन-चार निकालांनीही संघांचे आकडे हेलकावे खाऊ लागतात. दिवसांसाठी साडेतीनने भागायचे, म्हणजे ०.००१९ च्या आसपास.

तेव्हा स्मृती किती लांब असावी, हे भूतकाळ सांगत नाही. ते पुढचा सामना सांगतो.