समुद्र एका काचेवर, आभाळ दुसऱ्या काचेवर

गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचे १८५७ मधले ‘मोठी लाट’ हे चित्र मी बरीच वर्षे एका क्षणाचे चित्र समजत होतो. सेत बंदराचा किनारा, फुटती लाट, वर दाटलेले ढग. एकदा क्षितिज नीट न्याहाळले, तेव्हा ढग समुद्राशी सुरीने कापल्यासारखे थांबलेले दिसले. समुद्र आणि आभाळ दोन वेगळ्या निगेटिव्हमधून एकाच कागदावर छापलेले होते.

याचे कारण रसायनात होते. तेव्हाच्या कलोडियन लावलेल्या काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या असत. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळाचा भाग निगेटिव्हवर काळाठिक्कर होई आणि कागदावर कोरा पांढरा राही. म्हणून ढगांसाठी वेगळी काच कमी वेळ उघडत.

छपाई कागद काचेला भिडवून उन्हात होई. आधी आभाळाचा भाग झाकून समुद्र छापायचा. मग समुद्र झाकून, त्याच कागदावर ढगांची काच ठेवून पुन्हा ऊन द्यायचे. समुद्राचे क्षितिज सरळ असल्याने सांधा जुळवणे सोपे. डोलकाठी वर आली तरी निभावे, कारण काळ्यावर छापलेला ढग दिसत नाही. पांढरे शीड मात्र फसवी. त्यावर ढगांचे डाग उमटत.

रंगाचा प्रश्न आपोआप सुटे. दोन्ही भाग एकाच कागदावर असल्याने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात त्यांना सारखीच छटा येई. गडदपणा मात्र हाताने सांभाळावा लागे. ढग जास्त वेळ छापले गेले, तर खालचे चकाकते पाणी खोटे वाटे.

सर्वांत अवघड होती प्रकाशाची दिशा. ढग डावीकडून उजळलेले आणि लाटा उजवीकडून, असे चालत नसे. ढगांची काच उलटी ठेवली की डावे-उजवे बदले. मधे काचेची जाडी आल्याने रेषा थोड्या पुसट होत, पण ढगांना ते खपून जाई. सूर्याची उंची मात्र काच उलटून बदलत नाही.

ल ग्रेने एकच आभाळ वेगवेगळ्या समुद्रांवरही वापरले. हे कळल्यावर मला माझी एक सवय सोडावी लागली. जुन्या छायाचित्रातल्या ढगांवरून त्या दिवसाच्या हवेचे वर्णन मी लिहीत असे. आता लिहीत नाही. समुद्राने तो दिवस पाहिलेला असतो. आभाळाने पाहिला असेलच असे नाही.

२०२० पासून फोटोशॉपमध्ये आभाळ बदलण्याची सोय आहे. ती कडा शोधते, जमिनीला नव्या आभाळाची छटाही देते. पण जमिनीवर पडलेली सावली जुन्याच सूर्याची राहते. म्हणून सुंदर आभाळ दिसले की मी आधी खाली, सावलीकडे पाहतो.