शेअर बाजाराला दिलेल्या घोषणा कशा वाचाव्यात?

नोंदणीकृत कंपनीला आपल्या कारभारातील महत्त्वाची घडामोड सर्वप्रथम शेअर बाजाराला कळवावी लागते. 'सेबी'च्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमावलीतील नियम ३० नुसार हे बंधन आहे. संचालकांची नेमणूक वा राजीनामा, भांडवल उभारणी आणि पतमानांकनातील बदल या तिन्ही गोष्टी त्यात येतात. वर्तमानपत्रात येणारी बातमी बहुधा याच घोषणेवरून तयार झालेली असते. त्यामुळे मूळ घोषणा वाचणारा गुंतवणूकदार बातमीच्या मथळ्यावर अवलंबून राहत नाही.

कंपनीला कळविण्यासाठी मिळणारा वेळ थोडा असतो. संचालक मंडळाच्या बैठकीतील निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत कळवायचे असतात. बाजार बंद झाल्यानंतर बैठक संपल्यास तीन तासांची मुभा आहे. कंपनीच्या अंतर्गत घडामोडींसाठी साधारणपणे १२ तास, तर बाहेरून उद्भवलेल्या घटनेसाठी २४ तास मिळतात.

या घोषणा मुंबई शेअर बाजाराच्या bseindia.com या संकेतस्थळावर Corporate Announcements या पानावर मिळतात. कंपनीचे नाव किंवा सांकेतिक क्रमांक देऊन शोध घेता येतो. येस बँकेचा क्रमांक 532648 आहे. तारखेचा कालावधी मात्र स्वतः वाढवावा लागतो, अन्यथा केवळ त्या दिवसाच्या घोषणा दिसतात. Change in Directorate, Credit Rating अशा मथळ्यांवरून घोषणेचा विषय कळतो, पण खरा मजकूर सोबत जोडलेल्या पत्रात असतो. हे पत्र उघडल्याशिवाय वाचन पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही.

तीन धागे, एकच कालक्रम

संचालक, भांडवल आणि मानांकन यांच्या घोषणा स्वतंत्रपणे वाचल्या तर प्रत्येक घोषणा किरकोळ वाटू शकते. तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडल्या की त्यांचा परस्परसंबंध उघड होतो. मुंबईस्थित येस बँकेचा २०१८ ते २०२० हा कालखंड त्याचे बोलके उदाहरण आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना केवळ ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच पदावर राहण्याची अनुमती दिली. त्यानंतर नोव्हेंबरच्या १४ ते १९ तारखांदरम्यान बँकेच्या अध्यक्षांनी आणि आणखी दोन स्वतंत्र संचालकांनी पदत्याग केला. २७ नोव्हेंबरला 'मूडीज'ने बँकेचे मानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खाली आणले. या निर्णयामागील कारणांत संचालकांच्या राजीनाम्यांचा स्पष्ट उल्लेख होता. संचालक मंडळातील अस्थैर्यामुळे नवे भांडवल उभारणे अवघड होऊ शकते, हा या पतमापन संस्थेचा तर्क होता. येथेच तिन्ही धागे एकत्र आले.

भांडवलाची घोषणा आणि प्रत्यक्ष भांडवल

भांडवल उभारणीच्या घोषणेत सर्वाधिक फसगत होते ती शब्दांमुळे. पहिल्या पायरीवर कंपनी निधी उभारणीचा विचार करण्यासाठी बैठक बोलावल्याचे कळविते. दुसऱ्या पायरीवर मंडळ 'अमुक रकमेपर्यंत' निधी उभारण्यास मंजुरी देते आणि तिसऱ्या पायरीवर भागधारकांची संमती घेतली जाते. या तिन्ही पायऱ्यांवर कंपनीच्या खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. समभागांचे वाटप झाले, किती समभाग, कोणत्या किमतीला आणि कोणाला, असे सांगणारी चौथी घोषणाच निर्णायक असते.

येस बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांना प्रत्येकी ८३ रुपये ५५ पैसे दराने समभाग विकून सुमारे १,९३० कोटी रुपये उभारले. ही वाटपापर्यंत पोहोचलेली उभारणी होती. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी मात्र एका जागतिक गुंतवणूकदाराकडून १.२ अब्ज डॉलरचा बंधनकारक प्रस्ताव आल्याचे बँकेने कळविले आणि शेअरचा भाव उसळला. नोव्हेंबरअखेर ही रक्कम संभाव्य गुंतवणूकदारांच्या यादीसह दोन अब्ज डॉलरवर गेली. डिसेंबरच्या आरंभी 'मूडीज'ने मानांकन आणखी खाली आणले. १० जानेवारी २०२० रोजी १.२ अब्ज डॉलरच्या प्रस्तावावर पुढे न जाण्याचा निर्णय मंडळाने जाहीर केला आणि त्याच वेळी १०,००० कोटी रुपयांपर्यंत निधी उभारण्यास मंजुरी दिली. मथळा मोठ्या आकड्याचा झाला, पण तो आकडा दुसऱ्या पायरीवरचाच होता.

त्याच दिवशी लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष असलेल्या स्वतंत्र संचालकांचा राजीनामा आला. कारभाराच्या घसरत्या दर्जाविषयी गंभीर चिंता त्यांनी पत्रात व्यक्त केली होती. या संचालकांच्या पात्रतेचाच प्रश्न विचाराधीन असल्याचे बँकेचे म्हणणे होते. वाचकाला यात निवाडा करता येत नाही. तथापि हिशेब तपासणाऱ्या समितीचा प्रमुख निधी उभारणीच्या ऐन मोक्यावर बाहेर पडतो, ही नोंद दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. स्वतंत्र संचालकाने राजीनाम्याची सविस्तर कारणे द्यावीत आणि याखेरीज अन्य महत्त्वाचे कारण नाही अशी पुष्टी करावी, हे कंपनीने सात दिवसांत जाहीर करायचे असते. कार्यकाळ संपल्यामुळे होणारी निवृत्ती आणि मुदतीपूर्वीचा राजीनामा यांतील फरक या पत्रातूनच कळतो.

१२ फेब्रुवारी २०२० च्या घोषणेत डिसेंबर तिमाहीचे निकाल लांबणीवर पडल्याचे बँकेने कळविले. सोबत चार गुंतवणूकदारांनी स्वारस्य दाखविल्याचा उल्लेख होता. परंतु ते स्वारस्य बंधनकारक नव्हते. ऑक्टोबरमधील 'बंधनकारक' प्रस्तावापासून फेब्रुवारीतील 'बंधनकारक नसलेल्या' स्वारस्यापर्यंतची ही पीछेहाट बँकेच्याच शब्दांत नोंदली गेली होती. ५ मार्चला रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि खातेदारांना ५० हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. त्यानंतरच्या पुनर्रचनेत स्टेट बँक व अन्य बँकांनी प्रत्येकी १० रुपये दराने समभाग घेतले. ऑगस्टमधील ८३ रुपये ५५ पैशांनंतर सात महिन्यांतच हा भाव आला.

मर्यादा

घोषणेतील मजकूर कंपनीचा असतो; शेअर बाजार त्याच्या सत्यतेची हमी देत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बुडीत कर्जांच्या वर्गीकरणात रिझर्व्ह बँकेला तफावत आढळली नसल्याचे येस बँकेने जाहीर केले. दोनच दिवसांत, त्या अहवालात अन्य त्रुटीही नोंदल्या असल्याचे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे पत्र बँकेला जाहीर करावे लागले. अर्धे सत्यही कंपनीच्या शिक्क्यानिशी येऊ शकते.

म्हणून मानांकनाच्या घोषणेसोबत पतमापन संस्थेच्या संकेतस्थळावरील मूळ टिपण वाचणे श्रेयस्कर ठरते. मानांकन तेच राहिले तरी भविष्याविषयीचा कल 'स्थिर'वरून 'नकारात्मक' झाला आहे का, मानांकन 'देखरेखीखाली' ठेवले आहे का, कंपनीने माहिती देण्यात असहकार्य केल्याची नोंद आहे का, हे तेथे दिसते. असे बदल प्रत्यक्ष घसरणीच्या आधी येऊ शकतात. मागील दोन वर्षांच्या तिन्ही प्रकारच्या घोषणा एका कागदावर तारखेनुसार उतरवून, प्रत्येक निधी उभारणीपुढे ती कोणत्या पायरीवर थांबली हे लिहिले, तर एका कंपनीसाठी संध्याकाळचा तासभर पुरतो. त्यासाठी दलालाच्या सल्ल्याची वा शुल्काची आवश्यकता नसते.