लॅपटॉपसाठी दरमहा किती पैसे बाजूला ठेवायचे? असा मांडा हिशेब

लॅपटॉपच्या किमतीला महिन्यांनी भागलं की दरमहा किती पैसे बाजूला ठेवायचे हे कळतं, असं अनेकांना वाटतं. पण हा भागाकार फक्त गरज सांगतो. तेवढे पैसे खरंच उरतात का, हे त्यातून कळत नाही. बहुतेक बजेट इथेच फसतात.

आधी गरज किती, ते ठरवा

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणीला जूनमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी लॅपटॉप हवा आहे. तिने निवडलेला लॅपटॉप ५२,००० रुपयांचा आहे. बॅग आणि माऊसचे २,००० धरले तर खर्च ५४,००० होतो. तिच्याकडे ६,००० रुपये आहेत, म्हणजे ४८,००० जमवायचे आहेत. ऑक्टोबर ते मे असे आठ पगार हातात आहेत. त्यामुळे दरमहा ६,००० रुपये लागतील.

मग खरंच उरतात किती, ते पाहा

तिच्या हातात २६,००० रुपये पगार येतो. खोलीचं भाडं, मेस, प्रवास, मोबाइल आणि घरी पाठवायचे पैसे यांत १७,५०० जातात. उरतात ८,५००. त्यातून ६,००० सहज निघतील असं वाटतं. पण गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचे व्यवहार पाहिले, तर चहा-नाश्ता, बाहेरचं जेवण, कपडे, औषधं असा वरखर्च सरासरी ४,५०० निघतो. म्हणजे खरी शिल्लक ४,००० आहे आणि दरमहा २,००० कमी पडतात.

अशा वेळी तीन गोष्टी बदलता येतात: तारीख, वस्तूची किंमत किंवा खर्च. तारीख बदलली तर ४,००० प्रमाणे बारा महिने लागतील आणि कोर्स सुरू होऊन जाईल. नुसता वरखर्च कमी करायचा, तर तो निम्म्याच्या आसपास आणावा लागेल. ते फार काळ टिकत नाही. म्हणून ती ४२,००० रुपयांचा लॅपटॉप निवडते. आता एकूण खर्च ४४,००० आणि जमवायचे ३८,०००. दरमहा ४,७५० लागतील. वरखर्चात ७५० रुपयांची कपात केली की हिशेब जुळतो.

दिवाळीचा महिना वेगळा धरा

सगळे महिने सारखे नसतात. दिवाळीला गावी जाणं आणि कपडे यांसाठी ३,००० रुपये जास्त लागणार असतील, तर त्या महिन्यात १,७५० रुपयेच बाजूला पडतील. उरलेले ३६,२५० सात महिन्यांत जमवायचे, म्हणजे दरमहा सुमारे ५,१८०. इतर महिन्यांत वरखर्चाला आणखी ४३० रुपयांची कात्री लागेल. हे आधीच माहीत असेल तर नोव्हेंबरमध्ये बजेट कोलमडत नाही.

पैसे कुठे ठेवायचे?

पगाराच्या खात्यात ठेवलेले पैसे खर्च होऊन जातात. म्हणून वेगळं बचत खातं ठेवावं आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम आपोआप तिकडे वळती होईल, अशी सूचना बँकेला द्यावी. हे खातं यूपीआयला जोडू नये. बँकेत आरडीही काढता येते, पण तिचा हप्ता सहसा ठरलेला असतो. दिवाळीच्या महिन्यात तो कमी करता येत नाही. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, त्यामुळे आठ महिन्यांच्या उद्दिष्टासाठी ती उपयोगाची नाही.

बजेट रुळावर आहे का, हे कसं ओळखायचं?

या हिशेबानुसार नोव्हेंबरमध्ये दिवाळी धरली, तर जानेवारीच्या पगारानंतर खात्यात सुमारे २३,२९० रुपये हवेत. तिथे २०,००० च असतील, तर उरलेले २४,००० चार महिन्यांत जमवायला दरमहा ६,००० लागतील. ते जमणारं नसेल, तर जूनचा पगारही धरून खरेदी तेव्हा करायची. मग हप्ता ४,८०० वर येतो. हा निर्णय मे महिन्यात नव्हे, जानेवारीतच घ्यायला हवा.

खात्यातली रक्कम वाढत असली तरी क्रेडिट कार्डाचं बिल किंवा मित्रांची उधारी वाढत असेल, तर ती बचत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या खात्यातून पैसे काढावे लागत असतील, तर ठरवलेली रक्कमच जास्त आहे.

नो कॉस्ट ईएमआय घेतला तर?

यात बँक व्याज लावते आणि विक्रेता साधारण तेवढीच सूट देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि असल्यास प्रोसेसिंग फी ग्राहकालाच भरावी लागते. शिवाय रोख खरेदीवर मिळणारी सवलत ईएमआयवर मिळतेच असं नाही. त्यामुळे दुकानात दोन्हींची अंतिम रक्कम विचारावी. आणि दरमहा ४,००० च उरत असतील, तर ६,००० चा ईएमआयही झेपणार नाही. बचतीचा हप्ता चुकला तर तारीख पुढे जाते. ईएमआय चुकला तर दंड बसतो आणि क्रेडिट स्कोअरही घसरतो.