झोलपिडेम: फरक 1992 मध्येच दिसला होता, मग डोस 2013 मध्ये का बदलला?

पुंडलिकनगरातल्या कुठल्याही मेडिकलवर झोलपिडेम चिठ्ठीशिवाय मिळायला नको, कारण ते शेड्यूल एच-1 मधलं औषध आहे. झोपेच्या या गोळीचा इतिहास तुम्ही वाचावा असं मला वाटतं, कारण त्यात आकडे हाताशी होते, त्यांना विचारायचा प्रश्न मात्र उशिरा सुचला.

अमेरिकेच्या एफडीएने 1992 च्या डिसेंबरमध्ये या औषधाला मंजुरी दिली. त्या वेळच्या तपासणीतच दिसलं होतं की तेवढ्याच डोसला बायकांच्या रक्तातली पातळी साधारण 45 टक्के जास्त जाते. तरी शिफारस सगळ्यांना एकच राहिली, 10 मिलिग्रॅम. अर्ध-आयुष्य सरासरी अडीच तास, म्हणजे सकाळपर्यंत औषध निघून जाणार, असा हिशोब.

हा हिशोब आपण करून बघू. गोळी घेतल्यावर साधारण दीड तासाने शिखर येतं, सरासरी मिलिलिटरला 120 नॅनोग्राम. आठव्या तासापर्यंत उरतात साडेसहा तास, म्हणजे अडीचपेक्षा थोडी जास्त अर्ध-आयुष्यं. उरलेली पातळी वीसच्या आसपास. शिखर 45 टक्क्यांनी वाढवलं तरी तीसच्या आतच. बिनधास्त!

आता सरासरी सोडा. एखादीचं शिखर 180 आणि अर्ध-आयुष्य साडेतीन तास धरा. दोन्ही आकडे औषधाच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेतच बसतात. आठव्या तासाला तिच्या रक्तात 50 उरतात. सकाळी ती स्कूटी काढते तेव्हा.

हा 50 चा आकडा महत्त्वाचा ठरला तो मध्यरात्री जाग आल्यावर घ्यायच्या कमी डोसच्या झोलपिडेममुळे. ते 2011 मध्ये मंजूर झालं, बायकांना 1.75 आणि पुरुषांना 3.5 मिलिग्रॅम. उठल्यावर गाडी चालवता येईल का, हे तिथे तपासावंच लागलं, आणि 50 च्या वर ड्रायव्हिंग बिघडू शकतं असं दिसलं. मग एफडीएने जुन्या गोळीकडे तोच प्रश्न घेऊन पाहिलं. सुमारे 250 बायका आणि तितकेच पुरुष यांच्या नोंदींत आठ तासांनी 50 च्या वर होत्या 15 टक्के बायका, पुरुष फक्त 3 टक्के. जानेवारी 2013 मध्ये बायकांचा डोस 5 वर आणला गेला.

कारण काय? ‘बायकांचं वजन कमी’ हे उत्तर पटकन सुचतं, पण वजनाचा हिशोब धरूनही फरक पूर्ण जात नाही. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश निघतं. यकृतातलं सीवायपी3ए4 हे विकर त्याचा मोठा भाग मोडतं, आणि टेस्टोस्टेरॉनचा त्यावर परिणाम असावा असा अंदाज आहे. अंदाजच, सिद्ध नाही.

आणि एक भानगड उरतेच: रक्तातली पातळी जास्त म्हणजे अपघात जास्त, हे आपोआप ठरत नाही. ग्रीनब्लॅट यांच्यासारख्या औषधशास्त्रज्ञांनी नंतर नेमका हाच आक्षेप घेतला. बायकांना प्रत्यक्षात जास्त धोका असल्याचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही.